दीक्षा घेणे आणि दीक्षा देणे

धम्मदीक्षेचा विधी लांबलचक नसतो. न घाई करता केला तरी तो तासाभरात आटोपतो, आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्या पाहुण्यांना त्याचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. मुहूर्त पाहिलेला नसतो, होम पेटलेला नसतो, कोणाच्या हातावर दक्षिणा ठेवायची नसते. पांढरे वस्त्र अंथरलेल्या मेजावर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती आणि फुले, मागे पंचरंगी धम्मध्वज, आणि समोर हात जोडून बसलेली, शुभ्र कपड्यांतली माणसे, एवढीच त्याची मांडणी असते. पण या एका तासात माणूस जे बोलतो ते पुढे त्याच्या घराच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरते. देवघरात, स्वयंपाकघरात, लग्नाच्या बैठकीत, आणि सर्वांत कठोरपणे आप्ताच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत.

माझे वडील बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध विधी चालवणारे गृहस्थ, आहेत. काही दिवस चीवर घालून भिक्खूंसारखे राहण्याचे श्रामणेर शिबिर करून त्यांनी भारतीय बौद्ध महासभेकडून ही जबाबदारी घेतली, तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून मेजावरचे वस्त्र नीट अंथरणे, फुले निवडणे, वंदनेच्या पुस्तिका वाटणे ही कामे माझ्याकडे आहेत. त्यामुळे विवाह, नामकरण, गृहप्रवेश, मृताच्या स्मरणार्थ होणारे जलदान हे सारे विधी मी जवळून पाहिले. तरीही बाहेरच्या समाजातले कोणी धम्मात येण्यासाठी विहाराची पायरी चढते, तेव्हा मला नेहमीपेक्षा वेगळी जबाबदारी जाणवते. आम्ही बौद्ध घरात जन्मलो आणि आम्हाला हे सारे आयते मिळाले. ज्याला ते मिळवायचे आहे, त्याच्यासमोर आमची तयारी आणि आमची उणीव दोन्ही उघडी पडतात. काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतील विहारात भटक्या-विमुक्तांपैकी एका समाजातल्या दांपत्याने दीक्षा घेतली. त्यांना मी येथे दादा आणि वहिनी म्हणेन, कारण आजही मी त्यांना तसेच हाक मारते. त्यांच्या दीक्षेच्या निमित्ताने हा विधी मला पहिल्यांदा पूर्णपणे उमगला.

विधीचा पहिला भाग पालीत असतो. मेणबत्ती, धूप आणि फुले अर्पण केल्यावर भिक्खू उपस्थित असतील तर उपासक त्यांच्याकडे याचना करतो, ‘ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि’, म्हणजे त्रिशरणासह पंचशील मला द्यावे अशी विनंती. भन्ते म्हणतात, मी जे म्हणतो ते तुम्ही म्हणा, आणि सर्वजण ‘आम भन्ते’ असे उत्तर देतात. या छोट्या संवादाकडे आमच्या वडिलांचे फार लक्ष असते. शील कोणी कोणावर लादत नाही, ते आधी मागावे लागते, आणि मागितल्याशिवाय दिले जात नाही, हे ते विधीपूर्वी दीक्षार्थींना समजावून सांगतात. स्वतः विधी चालवतात तेव्हा ते स्वतःला ‘भन्ते’ म्हणवून घेत नाहीत, कारण ते गृहस्थ आहेत. अशा वेळी ते याचना वगळून थेट ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ या वंदनेने सुरुवात करतात, आणि दीक्षार्थींनी आपली इच्छा मराठीत सर्वांसमोर सांगावी असा आग्रह धरतात.

त्यानंतर त्रिशरण येते. बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना शरण जातो असे एकदा म्हणून भागत नाही. ‘दुतियम्पि’ आणि ‘ततियम्पि’ म्हणत तेच पुन्हा दोनदा म्हणायचे असते. पहिल्या वेळी बहुतेक दीक्षार्थींचा आवाज थरथरतो किंवा पुढच्याच्या मागे फरफटत जातो. दुसऱ्या वेळी शब्द ओळखीचे होतात, तिसऱ्या वेळी ते स्वतःचे होतात. शरण जाणे म्हणजे संकटात तारून नेणाऱ्याच्या पायाशी जाणे, असा अर्थ नव्याने आलेल्या माणसाच्या मनात सहजपणे असतो, कारण आजवर त्याने देवापुढे नवस बोलले असतात. बाबासाहेबांनी ठामपणे सांगितले की बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. त्यामुळे येथे मागणे मागायला जागा नाही. वहिनींनी आधीच्या एका बैठकीत विचारले होते, ‘मग मुलगा आजारी पडला तर मी कोणाला हात जोडू?’ वडिलांनी क्षणभरही न थांबता सांगितले, ‘आधी डॉक्टरांना गाठा, मग रात्रभर त्याच्याजवळ जागा. हात जोडायचे ते मन स्थिर राहावे म्हणून, बुद्धांनी ताप उतरवावा म्हणून नव्हे.’ वहिनींना हे उत्तर लगेच पटले नाही, आणि ते लगेच पटावे अशी वडिलांचीही अपेक्षा नव्हती.

त्रिशरणानंतर पंचशील. प्राणिहिंसा, चोरी, कामवासनेतला दुराचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहण्याची ही पाच वचने आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे शब्द येतात. दूर राहण्याचा हा नियम मी शिकण्यासाठी स्वीकारतो, असा त्याचा आशय आहे. ही आज्ञा नसल्यामुळे मोडल्यावर शिक्षा करणारा कोणी वर बसलेला नाही. पण त्याचमुळे माफी देणाराही कोणी नाही. घाईत विधी उरकणारे लोक नेमके हे शेवटचे शब्द गिळतात. प्रत्येक शील तोंडातल्या तोंडात पुटपुटले गेले, समोरच्यांना श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही, की समजावे, दीक्षा झाली पण दीक्षार्थी मागेच राहिला. वडील प्रत्येक शीलाचे दोन तुकडे करतात, पहिला स्वतः म्हणतात, समोरचा आवाज पूर्ण थांबू देतात, मग दुसरा म्हणतात. शेवटी सारे विहार ‘साधु, साधु, साधु’ म्हणते.

जगातल्या बहुतेक बौद्ध देशांत गृहस्थाची दीक्षा येथे पूर्ण होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी वयोवृद्ध भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, तेव्हा तीही याच पद्धतीची दीक्षा होती. पण त्यानंतर जे घडले त्याला बौद्ध इतिहासात तोड नाही. नुकतीच दीक्षा घेतलेला एक गृहस्थ लाखोंच्या समुदायाकडे वळला, ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभे राहावे असे त्याने सांगितले, आणि भिक्खूंनी नव्हे, तर त्यानेच त्या सर्वांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तर त्यांनी प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार आहे असे जाहीर केले. आपण बाबासाहेबांची अनेक वाक्ये फलकांवर लिहितो. या एका घोषणेकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. दीक्षा घेणारा त्याच क्षणी दीक्षा देण्यासही पात्र होतो, हा या विधीचा गाभा आहे. जन्माने मिळणारा अधिकार नाकारणाऱ्या माणसाने आपल्या धम्मात पुन्हा एक अधिकारी वर्ग उभा राहू नये, याची तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवली.

बावीस प्रतिज्ञा हा विधीचा दुसरा भाग, आणि तो मराठीत असतो. माझ्या दृष्टीने येथे विधीचा सूरच बदलतो. पालीतल्या भागात माणूस काय स्वीकारतो ते आहे. प्रतिज्ञांत तो काय सोडतो ते आधी येते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम आणि कृष्ण यांना मानणार नाही, गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. मग समतेची वचने येतात, अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमिता येतात. तेराव्या ते सतराव्या प्रतिज्ञांत पंचशीलाचा आशयच मराठीत पुन्हा येतो, त्यामुळे ज्याला पाली कळले नाही त्यालाही आपण दारूबद्दल आणि खोटे बोलण्याबद्दल काय कबूल केले हे कळल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एका लांब वाक्यात एकत्र येतात, आणि एकविसावीत माणूस आज आपला नवा जन्म होत आहे असे म्हणतो.

पाहुण्यांपैकी कोणी दुखावू नये म्हणून, किंवा वेळ नाही म्हणून, काही ठिकाणी केवळ पंचशील देऊन प्रतिज्ञा छापील कागदावर हाती दिल्या जातात. हे मला मान्य नाही. सोडण्याची वाक्ये माणसाने स्वतःच्या तोंडाने, आपल्या माणसांच्या देखत उच्चारली नाहीत, तर जुने सगळे घरात जसेच्या तसे राहते आणि बुद्धमूर्ती त्यात एक भर म्हणून ठेवली जाते. मात्र प्रतिज्ञा आवेशात ओरडून देणेही तितकेच चुकीचे आहे. त्या कोणाला हिणवण्यासाठी नाहीत. समोरचा माणूस आपल्या आजीच्या देवाला निरोप देत असतो, आणि तो निरोप सभेतल्या घोषणेसारखा वाजता कामा नये. वडील त्या सावकाश, समेच्या आवाजात देतात. एकोणिसावी प्रतिज्ञा तीन ठिकाणी तोडतात, नाहीतर मागून म्हणणारे मध्येच हरवतात आणि नेमका ‘त्याग’ हा शब्द कोणाच्याच तोंडी येत नाही. स्त्रिया समोर असतील तर ‘मानतो’ नंतर थांबून ‘मानते’, ‘करतो’ नंतर ‘करते’ असेही म्हणतात. पूर्वी असे होत नसे, आणि माझी आजी आयुष्यभर पुरुषाच्या क्रियापदातच नवा जन्म घेत राहिली. वहिनींनी मात्र ‘मी त्याग करते’ असे स्वच्छ म्हटले.

पांढऱ्या कपड्यांविषयी थोडे लिहायला हवे, कारण नवीन माणसाचा पहिला प्रश्न बहुधा त्यांच्याबद्दलच असतो. भिक्खूंना चीवर असते. गृहस्थ उपासक-उपासिकांना प्राचीन पाली ग्रंथांतही शुभ्र वस्त्रे परिधान केलेले असे म्हटले आहे. त्यामुळे पांढरा रंग हा दीक्षार्थी भिक्खू होत नसून गृहस्थच राहून धम्मात येत आहे याची खूण आहे. १९५६ साली लोकांना शुभ्र कपड्यांत येण्याचे आवाहन केले होते, आणि ज्यांच्या पिढ्यांना धड कपडाही घालू दिला गेला नव्हता ती माणसे खेड्यापाड्यांतून पांढरे स्वच्छ कपडे घालून नागपुरात उतरली. सौभाग्यवतीने पांढरे नेसू नये असे मानणाऱ्या समाजात स्त्रियांनी नवऱ्याच्या बरोबरीने, भर दसऱ्याला, पांढरी साडी नेसणे ही माझ्या मते प्रतिज्ञांच्या उच्चारापूर्वी घडलेली पहिली प्रतिज्ञा होती. आज आमच्या नवऱ्या मुली लग्नात पांढरी साडी नेसतात आणि कोणाला काही वाटत नाही. पण वहिनींच्या आईला वाटले. मुलीला पांढऱ्यात पाहून ती माऊली विहाराच्या दारातच थबकली, आणि जावई जिवंत असताना हे काय, असे म्हणून रडू लागली. तेव्हा आमच्या वस्तीतल्या दोन वयस्क बाया, पांढऱ्या साड्या नेसलेल्या आणि दोघींचेही पती समोरच सतरंजी अंथरत असलेले, तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी तिला काही समजावले नाही, फक्त आपापल्या नवऱ्यांकडे बोट दाखवले. कपडा महाग असण्याची गरज नाही, तो कोरा असण्याचीही नाही; स्वच्छ धुतलेला पुरे. नव्या साड्यांच्या खर्चामुळे दीक्षा लांबणीवर पडत असेल तर विहाराने ती अडचण आधीच विचारून दूर करावी.

दादा आणि वहिनी यांची तयारी मात्र कपड्यांच्या फार आधी सुरू झाली होती. वडील कोणालाही पहिल्या भेटीत दीक्षा देत नाहीत. काही रविवार त्यांनी वंदनेला यावे, प्रतिज्ञा घरी नेऊन वाचाव्यात, आणि ज्या प्रतिज्ञेवर मन अडते ती उघडपणे सांगावी, एवढीच त्यांची अट असते. दादांचे मन पहिल्या आठ प्रतिज्ञांत कोठेच अडले नाही. ते सतराव्या प्रतिज्ञेवर अडले. त्यांच्या जातीत पंचायतीपासून सोयरिकीपर्यंत दारूशिवाय बैठक होत नसे, आणि मी पिणार नाही असे म्हणून पुन्हा प्यायलो तर काय, या भीतीने त्यांनी पहिली ठरलेली तारीख पुढे ढकलली. वडिलांना त्याचा आनंद झाला. जो माणूस प्रतिज्ञेला घाबरतो त्याने ती वाचली आहे, असे ते म्हणाले.

वहिनींची अडचण देवघराची होती. त्यांच्या घरी खंडोबाचे आणि कुलदेवीचे चांदीचे टाक होते, सासूकडून आलेले. छप्पन्न साली अनेकांनी आपले देव नदीत सोडले, हे आमच्या घरातही सांगितले जाते, आणि त्या काळी त्या कृतीत जी मुक्ती होती ती मी समजू शकते. पण दादांचा थोरला भाऊ त्याच देवांना मानत होता, आणि त्या टाकांवर त्याचाही हक्क होता. वडिलांनी सुचवले की ज्याची श्रद्धा आहे त्याच्या घरी ते सन्मानाने पोहोचवावेत. दीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दादा स्वतः ते टाक स्वच्छ पुसून, कापडात बांधून भावाकडे देऊन आले. भाऊ रागावला, पण त्याने ते घेतले. मोकळ्या झालेल्या कोनाड्यात दीक्षेपर्यंत काहीच ठेवायचे नाही, असे वहिनींनी स्वतःच ठरवले होते. ट्रंकेच्या तळाशी टाक लपवून वर बुद्धमूर्ती मांडणारी घरेही मी पाहिली आहेत. त्यांच्या भीतीला मी नावे ठेवत नाही, परंतु तेथे दीक्षेच्या आधी ज्याने शेजारी बसून बोलायला हवे होते असा कोणी नव्हता, हे खरे.

त्यांचा मुलगा तेव्हा दहावीत होता. त्यालाही पांढरा सदरा शिवला होता. पण आदल्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी त्याला एकट्याला विचारले, तेव्हा मला अजून ठरवायचे आहे असे तो म्हणाला. वडिलांनी त्याला दीक्षार्थींच्या रांगेत बसवले नाही. आई-वडिलांच्या मागे, आमच्यासोबत बसवले. घरातले सारे एकत्र आले तर बरे, असे समितीतल्या काहींना वाटत होते. पण आज माझा नवा जन्म होत आहे हे वाक्य दुसऱ्याने ठरवून कोणाच्या तोंडी घालता येत नाही.

खरी कसोटी वर्षभराने आली. दादांचे वडील वारले. ते धम्मात आलेले नव्हते. थोरल्या भावाने दहाव्याच्या पिंडदानाला दादांनी बसावे अशी अपेक्षा केली, आणि सहावी प्रतिज्ञा पहिल्यांदा कागदावरून उठून दारात उभी राहिली. दादा रात्री आमच्याकडे आले. माझ्या वडिलांनी त्यांना जे सांगितले ते मी येथे नोंदवून ठेवते, कारण बाहेरून आलेल्या प्रत्येक कुटुंबावर हा प्रसंग येतोच. प्रतिज्ञा तुम्ही घेतली आहे, भावाने नाही. त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या आणि अडवू नका. तिरडीला खांदा द्या, स्मशानात थांबा, आलेल्या माणसांची जेवणे सांभाळा, खर्चाचा आपला वाटा न मागता द्या. पिंडाला मात्र बसू नका, आणि का बसत नाही ते एकदाच, शांतपणे सांगा. तुमचे दुःख तुमच्या घरी, धम्माच्या पद्धतीने व्यक्त करा. दादांनी तसेच केले. दहाव्याला ते नदीवर गेले, बाजूला उभे राहिले, भावकीचे टोमणे ऐकले. नंतरच्या रविवारी त्यांच्या घरी जलदान विधी झाला. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ झाला, मृताच्या नावाने पुण्यानुमोदन झाले, आणि वडिलांच्या स्मरणार्थ वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तके दिली गेली. थोरला भाऊ आला होता. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही, मात्र जेवून गेला.

आता स्वागताविषयी. दीक्षेच्या दिवशीचे स्वागत आम्हाला चांगले येते. फुले, प्रतिज्ञांची चौकट, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ, खीर, आणि चहूकडून ‘जय भीम’ आणि ‘नमो बुद्धाय’. त्यात खोटे काही नसते. आमच्या बाया नव्या बाईला मिठी मारतात तेव्हा त्यांचे डोळे खरेच भरलेले असतात. पण त्याच दिवशी, खिरीच्या रांगेत, कोणीतरी विचारतोच, ‘मूळचे कोण तुम्ही?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. तरीही ज्या विधीत नवव्या प्रतिज्ञेने सर्व माणसे समान आहेत असे नुकतेच म्हटले गेले, त्याच मांडवात हा प्रश्न यावा याची मला मनापासून लाज वाटते. महाराष्ट्रातील बौद्धांत बहुसंख्य घरे एकाच पूर्वाश्रमीच्या जातीतून आलेली आहेत, ही इतिहासाने घडवलेली गोष्ट आहे. पण त्यामुळे विहाराची समिती, जयंतीची वर्गणी, सोयरिकीच्या वाटा हे सारे जुन्या ओळखींतून चालते, आणि दुसऱ्या समाजातून आलेले घर वर्षानुवर्षे पाहुणेच राहते. २००७ च्या मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांतल्या हजारोंनी दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. पेढे वाटणे सोपे होते. आपल्या विहाराच्या समितीत त्यांच्यापैकी एकाला खुर्ची देणे आम्हाला त्यानंतर पुष्कळ वर्षे जमले नाही.

स्वागत झाले की नाही हे वर्षावासात कळते, असे मला आता वाटते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालते, आणि कोणत्या दिवशी कोणाच्या घरी वाचन, कोण वाचणार, याची यादी विहारात लागते. पहिल्या वर्षी त्या यादीत दादा-वहिनींचे घर नव्हते. कोणी मुद्दाम वगळले नव्हते. जुनीच यादी तारखा बदलून पुन्हा लावली होती. वहिनींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण त्या संध्याकाळच्या वाचनाला येणे कमी झाले. माझ्या आईच्या ते लक्षात आले, आणि पुढच्या वर्षी तिने यादी हाती घेऊन सगळी घरे नव्याने विचारून लिहिली. वहिनी अडखळत वाचतात, जोडाक्षराला थांबतात, आणि ऐकणाऱ्या बाया त्यांना घाई करत नाहीत. मुलगा आता महाविद्यालयात आहे; तो आईच्या जागी कधीकधी वाचतो. त्याने दीक्षा घेतली का, हे यादी लिहिताना कोणी विचारत नाही.

गेल्या विजयादशमीला दादांच्या मेहुण्याने, वहिनींच्या धाकट्या भावाने, दीक्षा घ्यायचे ठरवले. त्याने वडिलांना विचारले नाही. त्याला दादांच्याच हातून हवी होती. समितीत चर्चा झाली. दादा बौद्धाचार्य नाहीत, त्यांनी श्रामणेर शिबिर केलेले नाही, पालीचे उच्चार कच्चे आहेत, उद्या कोणी प्रमाणपत्रावर हरकत घेतली तर, असे मुद्दे निघाले. त्यातला प्रमाणपत्राचा मुद्दा मला रास्त वाटतो, कारण दीक्षेचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातली धर्मबदलाची नोंद यांवर पुढे शाळेपासून कचेरीपर्यंत अनेक कागद अवलंबून असतात, आणि तेथे ढिलाई केली तर त्रास नव्या कुटुंबालाच होतो. वडिलांनी नागपूरचे १५ ऑक्टोबरचे भाषण आणले आणि त्यातली ती घोषणा उभे राहून वाचली. मग ते म्हणाले की कागदावर साक्षीदार म्हणून मी सही करतो, उच्चारांसाठी पंधरा दिवस दादांबरोबर बसतो, पण दीक्षा त्यांनीच द्यायची.

त्या दिवशी दादा मेजाशेजारी उभे राहिले. ‘समादियामि’वर ते दोनदा अडखळले, थांबले, पुन्हा म्हणाले. सतराव्या प्रतिज्ञेपाशी त्यांनी मेहुण्याला विचारले, ‘ही म्हणायची आहे ना? नीट विचार करून म्हण.’ असे विचारण्याची विधीत तरतूद नाही. पण कोणी हरकत घेतली नाही, आणि मेहुण्याने ती प्रतिज्ञा म्हटली. विधी आटोपल्यावर नोंदवहीत दीक्षा घेणाऱ्याचे नाव मी लिहिले, आणि दीक्षा देणाऱ्याच्या रकान्यात दादांनी स्वतःच्या हाताने आपले नाव लिहून खाली सही केली.